हाताचा आकार पोचतो, हालचाल पोचत नाही: परदेशी मैत्रिणींना इमोजी पाठवण्याआधी

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं शिबिर केलं की पहिले नऊ दिवस कुणाशी बोलायचं नसतं. तोंडानं तर नाहीच, पण हातवारे, खुणा, चिठ्ठ्या हेही बंद. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा आम्ही बायका एकदम बोलायला लागलो. माझ्या आजूबाजूला इटलीतल्या तोरिनोची एकजण होती, एक जपानची, एक ब्राझीलची. कागदाच्या चिटोऱ्यांवर नंबर लिहून घेतले आणि मी एसटीनं नाशिकला महामार्ग स्टँडवर उतरले. त्या दिवसापासून आमच्या गप्पा सुरू झाल्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मोडक्या इंग्रजीत, दोन-चार शब्दांच्या आणि भरपूर इमोजींच्या. भाषा तोकडी पडली की हाताचं चित्र पाठवायचं, ते सगळ्यांना कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत पहिल्या महिन्यातच मोडली. थंडीचे दिवस होते. दुपारी दीडला जेवण आटोपून मी तोरिनोच्या मैत्रिणीला नुसतं `🤌🤌?` पाठवलं. माझ्या मनात होतं, जेवलीस का? पाची बोटांची टोकं जुळवून घास करायचा आणि तोंडाकडे न्यायचा, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. तिचं उत्तर आलं, "माझं काही चुकलं का?"

इटलीत हाच हात छातीसमोर धरून मनगटातून वरखाली हलवतात. बरोबर बहुतेक वेळा शब्द असतात, 'मा के वुओई', म्हणजे 'तुला हवंय तरी काय?' किंवा 'काय बोलतोयस तू हे?' सूर प्रेमाचाही असू शकतो, पण त्यात थोडा वैताग असतोच. मी प्रश्नचिन्ह लावून तो दोनदा पाठवल्यामुळे तो वैताग दुप्पट झाला. गंमत अशी की २०२० साली इमोजींच्या यादीत हा हात आला तो मुळात इटालियन हातवारा म्हणूनच. त्याचं इंग्रजी नाव `Pinched Fingers`. हाच हात इस्रायलमध्ये आणि अनेक अरब देशांत 'थांब, जरा धीर धर' असं सांगतो. तिथे तो हळूच खाली-वर होतो.

हे तिन्ही हात एकमेकांसमोर धरून पाहा. बोटांचा आकार तोच आहे. आपला हात तोंडाकडे जातो, इटालियन हात जागीच हलतो, अरबी हात शांतपणे खाली येतो. प्रत्यक्ष भेटीत हालचालीवरून अर्थ ताबडतोब कळला असता, चेहऱ्यानं उरलेलं सांगितलं असतं. इमोजीत यातला फक्त आकार उरतो. हात हलतो कसा, तळवा कुणाकडे आहे आणि मागे चेहरा कसा आहे, या तीन गोष्टी गळून पडतात, आणि वाचणारी त्या तिन्ही जागा आपल्या गावच्या सवयीनं भरून काढते. हाताच्या इमोजींचे बहुतेक घोटाळे या एकाच कारणानं होतात, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धाग्यावर आहेत.

पहिली पायरी: पाठवण्याआधी हात करून पाहा

फोन खाली ठेवा आणि जो इमोजी पाठवायचा आहे तो हात खरोखर करा. मग स्वतःला विचारा, हा हात मी हलवला का? तळवा कुणीकडे होता? भुवया वर गेल्या का, मान वाकली का? उत्तर 'हो' असेल, म्हणजे अर्थ हालचालीत किंवा चेहऱ्यात असेल, तर तो इमोजी एकटा पाठवू नका. घासाचा हात या परीक्षेत लगेच नापास होतो, कारण तोंडाकडे नेल्याशिवाय तो घास होतच नाही.

आशीर्वादाचा हात घ्या. मोठ्या माणसांनी तळवा पुढे करून आशीर्वाद दिला, म्हणून आपण लहानांच्या वाढदिवसाला `🖐` पाठवतो. हा हात स्थिर असतो, तळवा समोर असतो, चेहरा प्रसन्न असतो. ग्रीसमध्ये पाची बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडाकडे ढकलणं हा जुना आणि चांगलाच जिव्हारी लागणारा अपमान आहे, त्याला 'मुत्झा' म्हणतात. फरक फक्त ढकलण्यात आहे, आणि ढकलणं चित्रात दिसत नाही. गप्पांच्या ओघात एखाद्या ग्रीक मुलीला हा इमोजी कदाचित खटकणारही नाही. पण भांडणाच्या किंवा थट्टेच्या ओळीखाली तो एकटा गेला तर ती तो तसाच वाचेल.

कधी हा नियम उलटाही लागतो. विजयाची दोन बोटं, `✌️`, इमोजीत नेहमी तळवा पुढे करूनच काढलेली असतात, त्यामुळे इमोजी पाठवायला अडचण नाही. पण ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हाताची पाठ समोर करून तीच दोन बोटं दाखवली तर ती शिवी होते. आपण गोदाघाटावर सेल्फी काढतो तेव्हा तळवा कुणीकडे आहे हे कुणी पाहत नाही. तिकडच्या मैत्रिणीला असा फोटो पाठवायचा असेल तर तेवढं एकदा बघा. स्वतःच्या फोटोत आणि स्टिकरमध्ये तळव्याची दिशा परत येते, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं.

दुसरी पायरी: इमोजीचं खरं नाव वाचा

आपण इमोजी चित्र बघून निवडतो. प्रत्येक इमोजीला एक ठरलेलं नाव असतं आणि त्या नावात तो कुठल्या कामासाठी आला हे बऱ्याचदा कळतं. नाव बघणं अगदी सोपं आहे. इमोजी कॉपी करा आणि ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवा. वर इमोजिपीडियाचं पान येतं, त्यावर मोठ्या अक्षरात नाव असतं आणि खाली अ‍ॅपल, गूगल, सॅमसंग यांनी काढलेली त्याची वेगवेगळी चित्रं असतात. संगणकावर विंडोज असेल तर `Win + .` दाबल्यावर इमोजींची खिडकी उघडते आणि इमोजीवर माउस नेला की नाव दिसतं.

चित्रंही बघाच, कारण फोन इमोजीचा फक्त क्रमांक पाठवतो आणि समोरचा फोन स्वतःकडचं चित्र दाखवतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची चित्रं वापरतं, आयफोनवर अ‍ॅपलची दिसतात. जुन्या आयफोनवर `🙏` या हातांमागे पिवळे किरण होते. ते पाहून कित्येकांना वाटलं की दोन माणसं एकमेकांना टाळी देत आहेत.

नाव वाचायची सवय मला लावली ती एका दुसऱ्याच इमोजीनं. `🙆‍♀️` हा आपण कशासाठी वापरतो? दोन्ही हात डोक्यावर, म्हणजे 'अगं बाई!', 'अरे देवा, हे काय झालं!' माझ्या भिशीच्या गटात तो रोज याच अर्थानं फिरतो. टोमॅटो महागले की हा, बाईनं सुट्टी घेतली की हा, कुणी पडलं-झडलं की हाच.

त्याचं नाव आहे `Woman Gesturing OK`. इमोजी मुळात जपानी मोबाइल कंपन्यांनी आणले, पुढे २०१० साली युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्यातले शेकडो जगभरच्या यादीत आले, आणि हा त्यातलाच. बारकाईनं बघा, तिचे हात डोक्यावर ठेवलेले नाहीत. ते वर नेऊन बोटं जुळवून मोठं वर्तुळ केलेलं आहे. जपानमध्ये वर्तुळ म्हणजे बरोबर, चालेल, छान, आणि फुली म्हणजे चूक, नाही. शाळेत बरोबर उत्तरालाही शिक्षक वर्तुळच काढतात. म्हणून त्याची जोडीदारीण `🙅‍♀️` हातांची फुली करून 'नाही, जमणार नाही' म्हणते. आपल्याला हवा असलेला कपाळावरचा हात वेगळा आहे, `🤦‍♀️`, आणि तोसुद्धा 'काय हा वेडेपणा' असा चिडका आहे. निव्वळ हळहळ दाखवणारा हात इमोजींमध्ये मला अजून सापडलेला नाही.

तिसरी पायरी: समोर कोण आहे ते बघा, आणि तिच्याच जुन्या निरोपांत बघा

देशांची यादी पाठ करून फार उपयोग होत नाही. इटलीची प्रत्येक बाई सारखी नसते, आणि वयाचा फरक कधीकधी देशापेक्षा मोठा निघतो. त्यापेक्षा त्या मैत्रिणीचे मागचे वीस-तीस निरोप वर सरकवून वाचा. तिनं कुठला हात कुठल्या ओळीनंतर वापरला आहे? तिनं जो हात ज्या अर्थानं वापरला तो तुम्ही त्याच अर्थानं वापरला तर तो जवळपास सुरक्षित आहे. तिनं जो कधीच वापरला नाही तो शब्दांशिवाय पाठवू नका.

हे कसं करायचं ते आपल्या सगळ्यात लाडक्या हातांवर बघू, म्हणजे `🙏` वर. मराठी गटांत हा एक हात किती कामं करतो! सकाळी नमस्कार, दुपारी आभार, संध्याकाळी 'माफ करा, विसरले', आणि कुणी गेलं तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली तोच. वाद नको असेल तेव्हा 'बरं, तुमचंच खरं' म्हणायलाही तोच. प्रसंगावरून आपल्याला बरोबर कळतं. जपानमध्ये तो 'कृपया', 'धन्यवाद' आणि 'माफ कर' या तिन्हींसाठी चालतो, म्हणून जपानी मैत्रिणीशी माझं या हातावरून कधी अडलं नाही. युरोप-अमेरिकेत बहुतेकांना हात जोडलेले दिसले की प्रार्थना आठवते, आणि प्रार्थना बऱ्याचदा संकटात होते. कुणी दवाखान्यात असलं, कुठे वादळ आलं, की तिकडे हा इमोजी येतो.

मी तोरिनोच्या मैत्रिणीला रोज सकाळी फुलाचा फोटो आणि खाली `🙏` पाठवायची. आठवड्यानं तिनं विचारलं, "तुमच्या घरी कुणी आजारी आहे का? तू रोज प्रार्थना करायला सांगतेस." तिचे जुने निरोप मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. दोन महिन्यांत तिनं हे हात एकदाच पाठवले होते, तिच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी. आता सकाळी मी तिला फूल आणि `☀️` पाठवते, आणि जोडलेले हात तिनं ज्या कामाला वापरले त्याच कामाला राखून ठेवले आहेत.

`👌` हा आपल्याकडे चवीचा हात. रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली, तर्री वर तरंगतेय, शेजारी पापड आणि दही, असा फोटो काढून त्याखाली तीनदा `👌👌👌` टाकल्याशिवाय नाशिककराचं समाधान होत नाही. ब्राझीलमध्ये अंगठा आणि तर्जनीचं हे वर्तुळ पारंपरिक अर्थानं अश्लील आहे, शरीराच्या ज्या भागाचं नाव आपण चारचौघांत घेत नाही त्याची ती खूण आहे. प्रत्यक्ष हातानं केलेली खूण जास्त लागते. गप्पांमध्ये तिकडची तरुण मुलं तो 'ठीक' म्हणून वापरतानाही दिसतात. पण माझी मैत्रीण साठीच्या पुढची आहे, आणि तिच्या निरोपांत तो एकदाही नव्हता. त्याऐवजी `👍` मात्र प्रत्येक तिसऱ्या ओळीत होता. ब्राझीलमध्ये अंगठा हा रोजचा, हसतमुख हात आहे, रस्त्यात गाडीला वाट दिली तरी अंगठा दाखवतात. म्हणून मिसळीचा फोटो तिला `😋` सह जातो आणि होकार अंगठ्यानं.

अमेरिकेत याच वर्तुळाला आणखी एक वळण मिळालं. २०१७ च्या सुमारास इंटरनेटवर काही जणांनी मुद्दाम अफवा उठवली की ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची खूण आहे, आणि पुढे खरोखर काही वर्चस्ववादी ती वापरू लागले. द्वेषाच्या खुणांची नोंद ठेवणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेनं २०१९ मध्ये ती आपल्या यादीत घेतली. त्याच वेळी संस्थेनं हेही सांगितलं की बहुतेक लोक ती अजूनही साध्या 'ठीक आहे' या अर्थानंच वापरतात, म्हणून प्रसंग बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मिसळीखाली ती कुणाला खटकणार नाही. राजकारणावरच्या बातमीखाली ती एकटी पाठवू नका, एवढी काळजी पुरे.

अंगठ्याचं गणित देशापेक्षा वयावर जास्त चालतं. इराणमध्ये आणि आसपासच्या काही भागांत वर केलेला अंगठा जुन्या लोकांच्या लेखी अश्लील खूण आहे, तरी फोनवर तरुण तो सर्रास 'ठीक' म्हणून वापरतात. उलट अनेक देशांतल्या तरुणांना एकटा `👍` तुटक वाटतो, 'बरं बरं, पुरे आता' असा. माझ्या भाचीनं मला हे इंदिरानगरमध्ये बसूनच सांगितलं, त्यासाठी परदेशाची गरज पडली नाही.

द्राक्षांचा किंवा कांद्याचा व्यवहार फोनवर करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये २०२१ साली एका खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवून 'पक्कं कर' असं कळवलं. शेतकऱ्यानं फक्त `👍` पाठवला. त्याचं म्हणणं होतं की 'करार मिळाला' एवढंच त्यानं सांगितलं. जवस काही पोचलं नाही. २०२३ मध्ये न्यायालयानं तो अंगठा म्हणजे सहीइतकाच होकार धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. त्या दोघांमध्ये आधीचे करारही अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते, हे न्यायाधीशांनी ध्यानात घेतलं. म्हणजे जुने निरोप वाचण्याची पायरी न्यायालयानंही गाळली नाही. 'मिळालं, वाचून सांगतो' म्हणायचं असेल तर ते अक्षरांत लिहा.

चौथी पायरी: शब्द आधी, हात नंतर

जो अर्थ पोचलाच पाहिजे तो शब्दात असू द्या, आणि इमोजीला फक्त सुराचं काम द्या. `🤌?` च्या जागी `Did you eat? 😊` इतकंच. क्रम महत्त्वाचा आहे. इमोजी आधी आला तर तो वाचूनच समोरची पुढचे शब्द समजून घेते. शब्द आधी आले तर ती इमोजीला त्या शब्दांत बसवते. 'अगं बाई' म्हणायचं असेल तर `Oh no, so sorry to hear` लिहा, आणि हवा तर पुढे `😟`. चेहऱ्यांचेही घोटाळे होतात, चीनमधल्या बऱ्याच तरुणांना साधा `🙂` थंड किंवा टोचून बोलल्यासारखा वाटतो. पण रडवेला किंवा काळजीचा चेहरा हातापेक्षा पुष्कळ कमी चुकतो.

निरोपावर बोट दाबून धरलं की जे झटपट इमोजी येतात त्यांनाही हेच लागू. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिथे सुरुवातीला `👍 ❤️ 😂 😮 😢 🙏` असे सहा असतात. तिथे शब्द जोडता येत नाहीत, म्हणून वाईट बातमीवर तिथून काही चिकटवण्यापेक्षा एक ओळ लिहिलेली बरी.

हालचाल हाच अर्थ असेल तर हालचालच पाठवा. पाच सेकंदांचा व्हिडिओ काढा, घास तोंडाकडे न्या आणि तोंडानं 'जेवलीस का' म्हणा. तोरिनोच्या मैत्रिणीला मी हेच केलं. उत्तरादाखल तिनं तिचा हात छातीसमोर हलवून दाखवला. त्या दोन व्हिडिओंनंतर आमच्यात `🤌` ला दोन अर्थ आहेत हे दोघींनाही माहीत आहे, आणि कुठला आहे ते आम्ही वेळेवरून ओळखतो.

पाचवी पायरी: बिनसलं असेल तर ओळखा आणि दुरुस्त करा

बिनसलं आहे हे भांडणावरून क्वचितच कळतं. बहुतेक वेळा समोरची गप्प होते किंवा जास्त सभ्य होते. माझ्या जपानी मैत्रिणीच्या बाबतीत असंच झालं, आणि ती घटना मी इथे पूर्ण सांगते, कारण खुणा त्यात सगळ्या आहेत.

ती फेब्रुवारीत नाशिकला येणार होती. जानेवारीत तिचा निरोप आला: आई बर्फावर घसरून पडली, मनगट मोडलं, मला येता येणार नाही. मी रात्री कुकर लावता लावता तो वाचला आणि घाईत `🙆‍♀️🙆‍♀️` पाठवला. माझ्या मनात पूर्ण हळहळ होती. तिच्या फोनवर दोन बायका डोक्यावर वर्तुळ करून 'छान! चालेल! चालेल!' म्हणत होत्या.

तिचं उत्तर आलं, "समजून घेतल्याबद्दल आभार." पहिली खूण हीच होती. मी काहीच समजून घेतल्याचं म्हटलं नव्हतं, मग आभार कशाचे? उत्तर माझ्या निरोपाला जुळत नव्हतं, दुसऱ्याच कुठल्या निरोपाला दिल्यासारखं होतं. दुसरी खूण म्हणजे ती नेहमी माझ्या नावापुढे 'सान' लावून चार हसरे चेहरे टाकायची, त्यातलं काहीच नव्हतं. तिसरी खूण, पुढचे बारा दिवस तिनं स्वतःहून काही लिहिलं नाही. मला वाटलं आईची शुश्रूषा चालली असेल. बाराव्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी त्या इमोजीचं नाव बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या क्षणी पहिला मोह होतो तो निरोप पुसायचा. पुसू नका. बारा दिवसांनी तर तो सगळ्यांच्या फोनवरून पुसताही येत नाही, आणि वेळेत पुसला तरी तिथे 'निरोप पुसला' अशी ओळ उरते, ती जास्त बोचते. चूक पंधरा मिनिटांच्या आत लक्षात आली तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये निरोप बदलता येतो, तेवढ्यात आली तर शब्द घाला. दुसरा मोह होतो तो आणखी इमोजी पाठवून भरपाई करायचा, म्हणजे ताबडतोब `🙏😭🙏`. तेही करू नका, कारण जे साधन आत्ताच चुकलं त्यानंच दुरुस्ती होत नाही.

मी चार ओळी लिहिल्या, आणि त्यांचा क्रम तुम्हाला जसाच्या तसा उपयोगी पडेल. पहिल्या ओळीत कुठला निरोप ते सांगितलं: तुझी आई पडल्याचं कळवलंस तेव्हा मी जी दोन चित्रं पाठवली ती. दुसऱ्या ओळीत आपल्याकडचा अर्थ: आमच्याकडे आम्ही ते 'अरे देवा' म्हणून डोक्याला हात लावल्यासारखं वापरतो. तिसऱ्या ओळीत तिच्याकडचा अर्थ: तुमच्याकडे ते 'ठीक आहे' आहे हे मला आज कळलं. चौथ्या ओळीत बारा दिवसांपूर्वी म्हणायचं राहिलेलं: आई आता कशी आहे, दुखतंय का, तुला रात्री झोप मिळते का. 'तुझा गैरसमज झाला' हे शब्द मी मुद्दाम टाळले, कारण तिनं चित्र अगदी बरोबर वाचलं होतं.

अर्ध्या तासात तिचा आवाज आला, लिहिलेलं नाही, बोललेलं. तिला वाटलं होतं की तिच्या न येण्यानं मला सुटका वाटली. आईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, आणि ती पुढच्या हिवाळ्यात आली, पंचवटीत माझ्याकडे चार दिवस राहिली.

एक जागा अशी आहे जिथे वरच्या पायऱ्यांनीही भागत नाही, ती म्हणजे मान. २०२३ च्या यादीत डोकं हलवणारे दोन नवे चेहरे आले, एक वरखाली `🙂‍↕️` आणि एक डावीउजवीकडे `🙂‍↔️`. जुन्या फोनवर ते फुटून साधा चेहरा आणि शेजारी बाण असे दिसतात, त्यामुळे वाचणारीला काहीच बोध होत नाही. शिवाय बल्गेरियात पारंपरिक रीतीनं मान वरखाली हलवणं म्हणजे नकार आणि डावीउजवीकडे हलवणं म्हणजे होकार. आणि आपली ती खांद्यांकडे डोलणारी मान, जी 'हो', 'बरं', 'बघू' आणि 'कळलं' हे सगळं एकदम सांगते, तिला इमोजीच नाही. होकार-नकाराच्या वेळी म्हणून मी मानेचं चित्र कुणालाच पाठवत नाही. `yes` लिहायला तीन अक्षरं लागतात, `no` ला दोन.